मदत हवी आहे : वारंवार पडणारे पुराचे दुःस्वप्न स्वप्नातच बदलता येईल का?

पाचवी_पायरी (वडोदरा)

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरले. सासूबाईंना घेऊन आम्ही वेळेत वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि कोणाला इजा झाली नाही. मात्र गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे चारच्या सुमारास, मला एकच स्वप्न पडते. मोरीतून काळे पाणी वर येऊ लागते, मी सासूबाईंचा हात धरून जिना चढू लागते आणि पाचव्या पायरीवर माझा घोटा मगरीच्या जबड्यात सापडतो. प्रत्यक्षात आम्ही मगर पाहिलीही नव्हती. शेजारच्या गल्लीत एक पकडली, एवढेच कानावर आले होते.

ल्युसिड ड्रीमिंगविषयी, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे ओळखण्याविषयी, वाचून मी तीन आठवडे रोज दहा-बारा वेळा रिअ‍ॅलिटी चेक, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात याची तपासणी, करते आहे. बोटे मोजते, दिव्याचे बटण दाबून पाहते आणि नाक चिमटीत धरून श्वास येतो का ते बघते. स्वप्नात मी बटण दाबले तेव्हा दिवा लागला नाही, पण पुरात वीज जातेच, असे मला वाटले. एकदा नाक दाबूनही श्वास चालू राहिला, तर सर्दी बरी झाली म्हणून मी चक्क खूश झाले! फक्त एकदाच हे स्वप्न आहे असे लक्षात आले. तेव्हा मी पाण्याला ओसरण्याची आज्ञा दिली, पण ते दुप्पट वेगाने चढले आणि मी दचकून जागी झाले. माझे नेमके कुठे चुकते आहे?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ताई, दहा-बारा वेळा फारच कमी आहे, दिवसातून निदान शंभर वेळा तपासायला हवे. रात्री दर दोन तासांनी गजर लावावा, म्हणजे स्वप्न हमखास हाती लागते. आणि पळू नका, मगरीकडे वळून तिलाच विचारा की तुला काय हवे आहे. मला लहानपणापासून छळणारा कुत्रा असे विचारल्यावर कायमचा गेला.

सराफ्यातली_सून (इंदूर)

आमच्या सहा वर्षांच्या मुलालाही असेच होते. झोपल्यावर तास-दीड तासाने तो किंचाळत उठून बसतो, डोळे उघडे असतात, पण आम्हाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. त्याला बोटे मोजायला शिकवावे का?

निद्रापाल (इंदूर)

मी अनेक वर्षे झोपेच्या विकारांच्या रुग्णांसोबत काम केले आहे, त्यावरून लिहितो. सूनबाई, आपल्या मुलाचे वर्णन दुःस्वप्नाचे नसून गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचे आहे. ते रात्रीच्या पहिल्या भागात होते, आणि ज्याला स्वप्नच आठवत नाही त्याला तपासण्या शिकवून उपयोग नाही. त्याला हलवून जागे करू नका, फक्त इजा होणार नाही एवढे पाहा आणि हे वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, बटणाची तपासणी आपल्यासाठी निरुपयोगी आहे, कारण आपल्या स्वप्नात वीज नसण्याचे कारण आधीच तयार असते. नाकाची तपासणी चांगली आहे, पण सर्दीच्या प्रसंगावरून दिसते की हात सवयीने नाकाकडे जातो आणि मनात शंका मात्र उठत नाही. शंभर वेळा केले तर ही यांत्रिकता वाढेलच. दिवसातून सहा-सात वेळा करा, पण ती आपल्या स्वप्नातल्या खुणांशी बांधा. मोरीत पाणी दिसले किंवा जिन्यावर पाय ठेवला की थांबून, मी इथे कशी आले, आधी कुठे होते, हे खरोखर आठवून पाहा आणि मगच नाक दाबा.

नुसत्या तपासणीवर विसंबू नका. अ‍ॅडलेडच्या डेनहोम अ‍ॅस्पी यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकट्या रिअ‍ॅलिटी चेकने फारसा फरक पडला नव्हता. पाच तासांच्या झोपेनंतर थोडा वेळ उठून, पुन्हा झोपताना संकल्प करण्याची जोड दिल्यावर यश वाढले, आणि संकल्पानंतर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली त्यांना ते अधिक मिळाले. हा संकल्प स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांच्या पद्धतीतला आहे. आपल्याला पहाटे चारला जाग येतेच, म्हणून वेगळा गजर नकोच. दर दोन तासांनी तर मुळीच नको, त्याने फक्त झोप मोडेल. जाग आल्यावर स्वप्न आठवा, मोरीच्या क्षणाशी थांबा आणि "पुढच्या वेळी मोरीतून पाणी आले की हे स्वप्न आहे हे मला आठवेल" असे म्हणत तो क्षण डोळ्यांसमोर आणा.

पाण्याने आज्ञा मानली नाही, कारण स्वप्नातले दृश्य हुकमापेक्षा अपेक्षेवर चालते, आणि आपल्या मनात पाणी चढणारच ही धास्ती होती. म्हणून बदल आधी जागेपणी करा. दुपारी दहा-पंधरा मिनिटे नवे स्वप्न वर्तमानकाळात लिहा आणि डोळे मिटून पाहा. वळण मगरीपाशी देऊ नका, तिथे भीती शिगेला पोहोचलेली असते. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच काहीतरी वेगळे घडू द्या. जुना शेवट मात्र घोळवत बसू नका. स्वप्नात जाणीव आलीच, तर आधी हात एकमेकांवर घासा, म्हणजे दृश्य टिकते, आणि मग एकच छोटी कृती करा. नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्वप्नात जाणीव न येताही काहींची दुःस्वप्ने कमी झाली होती, त्यामुळे सजग होणे ही परीक्षा मानू नका.

मगरीशी संवाद काहींना साधतो, पण जी घोटा धरते तिच्याशी पहिल्याच फेरीत बोलायला मी सांगणार नाही. दिवसाही पुराची दृश्ये डोळ्यांसमोर येत असतील, तर मात्र हे एकट्याने न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

मांडवीचा_केमिस्ट (वडोदरा)

ताई, गेल्या पावसाळ्यात काही नवे औषध सुरू झाले आहे का? पूर २०२४ चा आणि स्वप्न नंतरचे, म्हणून विचारतो.

पाचवी_पायरी

होय, अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झाले, आणि स्वप्नेही साधारण तेव्हाचीच आहेत. हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

मांडवीचा_केमिस्ट

त्याने काहींना ठळक, भीतिदायक स्वप्ने पडतात. मात्र गोळी मनाने बंद करू नका, ती एकदम सोडणे धोक्याचे असते. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.

लष्करवाला

माझा कुत्रा कोणत्याही गोळीशिवाय आला होता आणि गोळीशिवायच गेला, एवढे नोंदवून ठेवतो.

पाचवी_पायरी (चार आठवड्यांनंतर)

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मी लेखनही चालू ठेवले, त्यामुळे श्रेय कोणाचे हे मला सांगता येणार नाही. महिन्यात स्वप्न चार वेळा पडले. तीनदा जुनेच होते. चौथ्या वेळी मोरी पाहून मी थांबले, नाक दाबले आणि श्वास चालू राहिल्यावर सर्दीचा विचार मनात आलाच, पण सकाळी मला सर्दी नव्हती हेही आठवले. मी हात घासले आणि दुसऱ्या पायरीवरून, लिहिल्याप्रमाणे, मागे वळले. पाणी होते तिथेच होते, वरून शेजारच्या काकू अगाशीची किल्ली खाली धरून उभ्या होत्या, आणि मग दृश्य विरले.

एक गोष्ट मात्र खटकते. मी लिहिलेल्या स्वप्नात सासूबाई माझ्या पुढे जिना चढत होत्या, पण पडलेल्या स्वप्नात त्या कुठेच नव्हत्या, आणि जाग आल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन पाहून आले. त्यांना लेखनात आणखी ठळक करावे का?

निद्रापाल

आत्ता घाई करून बदलू नका. आणखी दोन-तीन वेळा त्या येतात का ते पाहा. मात्र जागेपणी त्यांच्याशी त्या रात्रीविषयी कधी बोलणे झाले आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पाचवी_पायरी

नाही. घरात तो विषय कोणीच काढत नाही.