मदत हवी आहे: आईच्या चॅटची पीडीएफ आणि ९४ स्क्रीनशॉट आहेत, त्यातला मराठी मजकूर बाहेर कसा काढू?

मृण्मयी_पुणे

साताऱ्याच्या आमच्या घराच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आईने एका ठेकेदाराला दिलं होतं. मार्च ते डिसेंबर २०२४ सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं. काम अर्धवट आहे, गळती तशीच आहे, आणि आता तो म्हणतो की पैशांचं असं काही ठरलंच नव्हतं. जानेवारीत आईचा फोन पाण्यात पडला. बॅकअप नव्हता.

माझ्याकडे दोन गोष्टी उरल्यात. ऑगस्टमध्ये आईने झेरॉक्सवाल्याकडून तोपर्यंतच्या चॅटची पीडीएफ करून घेतली होती, ६१ पानांची. त्यानंतर तिला काळजी वाटू लागली तसे ती स्क्रीनशॉट काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत गेली. ते ९४ आहेत.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची तर कोणत्या तारखेला कोण काय म्हणालं याची यादी हवी. पीडीएफमधून कॉपी करून वर्डमध्ये टाकलं तर "किंमत"चं "िकंमत" होतं आणि काही जोडाक्षरं गायबच होतात. पीडीएफमध्ये "किंमत" शोधलं तर एकही ठिकाण सापडत नाही, डोळ्यांना मात्र तो शब्द समोर दिसतोय. स्क्रीनशॉटचं तर कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. आई देवनागरीत लिहिते, ठेकेदार निम्मं इंग्रजी अक्षरांत.

सह्याद्री७७

सोपं आहे. चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, More, मग Export chat. सगळं txt मध्ये येतं. कोर्टातही तेच चालतं.

मृण्मयी_पुणे

फोनच बंद आहे हो. चॅट फक्त त्यातच होती.

टंकबहाद्दर

आधी पीडीएफचं बोलतो, कारण तिथे तुमची काही चूक नाही. मी छपाईच्या कामात आहे, हे रोज बघतो.

पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते आणि ते कागदावर ज्या क्रमाने बसतात त्या क्रमाने साठवते. पहिली वेलांटी आपण क नंतर उच्चारतो, पण ती काढली जाते क च्या आधी. कॉपी करताना तोच क्रम परत येतो, म्हणून "िकंमत". जोडाक्षराचा आकार फॉन्टमध्ये एकच असतो. तो आकार कोणत्या अक्षरांचा हे पीडीएफमध्ये नीट नोंदलेलं नसेल, तर कॉपी करताना तो गळतो. फॉन्ट बदलून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून हे सुधारत नाही.

उपाय असा की त्या मजकुराकडे दुर्लक्ष करायचं, पानांना चित्र समजायचं आणि चित्रावरून अक्षरं वाचून घ्यायची. त्यासाठी ocrmypdf आणि चित्रातली अक्षरं वाचणारा टेसरॅक्ट हे प्रोग्रॅम लागतात. टेसरॅक्टची मराठी फाइल बसवलेली असेल तर:

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng juni.pdf navi.pdf
```

`--force-ocr` नसेल तर ocrmypdf म्हणेल की पानांत मजकूर आधीच आहे, आणि थांबेल. जुनी फाइल पुसू नका. नवी फक्त शोधण्यासाठी, नोंद म्हणून जुनीच.

पण हे करण्याआधी एक विचारतो. झेरॉक्सवाल्याला चॅट कशी पाठवली होती?

मृण्मयी_पुणे

आई म्हणते त्याने स्वतःच तिच्या फोनवरून "मेल केलं".

टंकबहाद्दर

मग आईच्या मेलच्या Sent मध्ये बघा. एक्स्पोर्ट मेलने गेलं असेल तर txt तिथे अजून जोडलेली असणार. पीडीएफ त्या txt वरूनच छापलेली आहे. मूळ मिळालं तर ६१ पानांची कसरत वाचते.

कोकणची_पोर

माझाही हाच प्रश्न आहे. माझ्या भावाने ग्रुपवरचे मेसेज delete for everyone केले, ते परत कसे मिळतील? स्क्रीनशॉटही काढले नव्हते.

टंकबहाद्दर

कोकणची_पोर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाकडे ते पुसण्याआधीचा बॅकअप किंवा स्क्रीनशॉट असेल तरच काही आशा. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं हरवेल.

मृण्मयी_पुणे

सापडली! २० ऑगस्टचा मेल, त्याला txt जोडलेली आहे. प्रत्येक ओळ अशी आहे:

```
17/06/24, 7:42 pm - Waterproofing: udya yeto
```

वेलांट्या, जोडाक्षरं सगळं जागच्या जागी. डोळ्यांत पाणी आलं अक्षरशः. फोटोंच्या जागी मात्र `<Media omitted>` आहे, आणि ठेकेदाराचा नंबर कुठेच नाही, आईने सेव्ह केलेलं नाव तेवढं आहे.

राजाभाऊ_न

मी वकिलांकडे कारकुनी करतो, वकील नाही, हे आधी सांगतो. तो नंबर नसणं महत्त्वाचं आहे. एक्स्पोर्टमध्ये सेव्ह केलेलं नावच येतं, त्यामुळे "Waterproofing" म्हणजे कोण हे दुसऱ्या मार्गाने दाखवावं लागेल. पैसे यूपीआयने त्याच नंबरला गेले असतील तर बँकेचा उतारा काढून ठेवा.

सह्याद्रीभाऊ म्हणतात txt कोर्टात चालते, ते अर्धं बरोबर आहे. txt कुणीही नोटपॅडमध्ये बदलू शकतो, म्हणून सोबत प्रमाणपत्र लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, हे पक्कं केलं. मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र नको, नाहीतर ते हवंच. तेव्हा तो जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चा विषय होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुम्ही द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा, त्यात लिहावं लागतं. म्हणून मेलमधून उतरवलेल्या txt ला हात लावू नका, आधी हॅश काढा. विंडोजवर:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

काम करायचं ते दुसऱ्या प्रतीवर. आणि पाण्यात पडलेला फोन भंगारात देऊ नका.

मृण्मयी_पुणे

फोन कपाटात ठेवलाय. बंद पडलेला फोन "मूळ उपकरण" म्हणून चालेल का?

राजाभाऊ_न

ते मी सांगू शकत नाही. तुमच्या वकिलांनीच ठरवायचं.

टंकबहाद्दर

आता स्क्रीनशॉट. एक नमुना टाका, नावं झाकून. डार्क मोड आहे का?

मृण्मयी_पुणे

हो, सगळे काळ्या पार्श्वभूमीवर. दोन करून बघितले, नुसता कचरा आला.

टंकबहाद्दर

टेसरॅक्टला पांढऱ्यावर काळं लागतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपने फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि मात्रांच्या कडा पुसट होतात. पुढे कधी पाठवायचे झाले तर Document म्हणून पाठवा. आता आहे त्यातच भागवायचं, म्हणून आधी ImageMagick ने चित्र मोठं करा आणि रंग उलटे करा, मग टेसरॅक्टला द्या:

```
magick s01.jpg -colorspace Gray -negate -resize 200% s01.png
tesseract s01.png s01 -l mar+eng --psm 6
```

कमांडचा कंटाळा असेल तर गूगल ड्राइव्हवर चित्र चढवून Open with मधून Google Docs निवडा, मराठी बरी वाचतं. पण घरचा व्यवहार ढगात ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

दोन्हीकडे एक गोष्ट हरवते: कोण बोललं. आईचे मेसेज उजवीकडे, त्याचे डावीकडे, हे फक्त चित्रात दिसतं, मजकुरात सगळं एकाखाली एक येतं. ते हातानेच लिहावं लागेल. एक्सेलमध्ये फाइलचं नाव, तारीख, वेळ, कोण, मजकूर असे रकाने करा. ९४ म्हणजे दोन-तीन संध्याकाळी.

मृण्मयी_पुणे

तीन संध्याकाळी गेल्या, पण ६८ झाले. मजकूर खूपच सुधारला. त्याचं इंग्रजी अक्षरांतलं मराठी मात्र वाईट वाचतं, ते मी सरळ टाइप केलं.

एक प्रसंग सांगते, कारण मी फसणार होते. त्याने लिहिलं होतं "₹40,000 मिळाले, बाकी गळती थांबल्यावर". हे वाक्यच आमचा सगळा आधार आहे. मजकुरात आलं "240,000 मिळाले". रुपयाच्या चिन्हाचा २ झाला होता! मी यादीत तसंच चिकटवलं होतं. स्वल्पविराम बघून शंका आली, कारण दोन लाख चाळीस हजार असते तर 2,40,000 असतं. आईने देवनागरीत लिहिलेल्या ८ चा दोन ठिकाणी ट झालाय. आता प्रत्येक आकडा चित्राशी ताडून बघते आहे.

टंकबहाद्दर

₹ नेहमीच दगा देतो. बरं झालं तुम्ही सांगितलंत. आकड्यांसाठी यादीवर विश्वास ठेवूच नका. प्रत्येक रकमेसमोर त्या चित्राचं नाव हवंच.

सह्याद्री७७

तारखा कशा लावताय? मेसेजखाली फक्त वेळ असते ना?

मृण्मयी_पुणे

तिथेच अडलंय. काहींत वर तारखेची पट्टी आहे, काहींत नुसतं "आज" किंवा "काल".

टंकबहाद्दर

"आज" असेल तर तारीख फाइलच्या नावात शोधायची. अँड्रॉइडवर मूळ स्क्रीनशॉटच्या नावात काढल्याची तारीख-वेळ असते. पण तो व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्याकडे आला की नाव `IMG-20240917-WA0012.jpg` असं होतं, आणि ती तारीख तुम्हाला मिळाल्याची. आई त्याच दिवशी पाठवत असेल तर दोन्ही एकच. आईचं गूगल फोटोज चालू होतं का? असेल तर मूळ नावं तिथे मिळतील, फक्त स्क्रीनशॉटचं फोल्डर बऱ्याचदा बॅकअपला लावलेलं नसतं.

मृण्मयी_पुणे

बघितलं, कॅमेऱ्याचे फोटो आहेत, स्क्रीनशॉट नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर आईने रोजच्या रोज पाठवलेत, ते जुळतात. पण ३ डिसेंबरला तिने एकदम २३ पाठवले. त्यातल्या बाराला तारखेची पट्टी आहे. उरलेले अकरा कुठल्या दिवसाचे ते कळत नाही.

राजाभाऊ_न

अंदाजाने तारीख टाकू नका. एक चुकली की समोरचा वकील बाकीच्यांवरही बोट ठेवेल. रकान्यात "तारीख दिसत नाही" असंच लिहा.

कोकणची_पोर

सलग स्क्रीनशॉट काढले असतील तर एकाचा शेवटचा मेसेज पुढच्याच्या वरच्या टोकाला परत दिसतो. आमच्या भिशीच्या हिशोबात मी असंच जोडलं होतं. तारीख असलेल्याला बिनतारखेचा चिकटतोय का बघा.

टंकबहाद्दर

हे चांगलं सुचवलंत. फक्त मध्ये मध्यरात्र येत नाही ना, ते वेळांवरून तपासा. रात्री ११:५० नंतर सकाळचे ८ आले तर दिवस बदललाय.

मृण्मयी_पुणे

सात जोडले गेले. चार अजून सुटेच आहेत, त्यांची वरची-खालची टोकं कुणाशीच जुळत नाहीत. त्यातल्या एकात "उद्या माणसं पाठवतो, नक्की" आहे, आणि तोच "उद्या" कधीचा ते कळायला हवंय. आईला त्या आठवड्यात पाऊस होता एवढंच आठवतं. कुणाला आणखी काही सुचतंय का?