लेझर कटिंगची फाइल: वर्णनात माप हवंच

‘दारावरच्या पाटीची एसव्हीजी फाइल विकतेय. वर्णनात हाय क्वालिटी, इन्स्टंट डाउनलोड एवढं लिहिलं तर चालेल ना?’

नाही चालणार, ताई. वागळे इस्टेटमध्ये माझं लेझर कटिंगचं काम आहे, गिऱ्हाईक अशा फाइली घेऊन येतात आणि घोळ बहुतेक वेळा मापाचा निघतो. एसव्हीजीत माप पिक्सेलमध्ये असेल, तर इलस्ट्रेटर एका इंचात ७२ पिक्सेल धरतो आणि इंकस्केप ९६. म्हणजे इलस्ट्रेटरमध्ये काढलेली तुमची ३०० मिमीची पाटी इंकस्केपमध्ये २२५ मिमीची उघडते, आणि ३ मिमी एमडीएफसाठी ठेवलेल्या खाचा २.२५ मिमीच्या होतात. मग तुकडे एकमेकांत बसतच नाहीत. म्हणून ‘तयार पाटी ३०० × १५० मिमी, जाडी ३ मिमी’ असं स्पष्ट लिहा, आणि झिपमध्ये एसव्हीजी, डीएक्सएफ, पीडीएफ यांपैकी नेमकं काय मिळेल तेही. अक्षरांच्या आउटलाइन केल्या असतील, तर नाव बदलता येणार नाही हे आधीच सांगा. कुरिअरने लाकडी पाटी येईल असं समजणारेही भेटतात, त्यामुळे ‘फक्त फाइल, वस्तू नाही’ ही ओळ सगळ्यात वर हवी.

परवान्यात ‘फाइल कुणालाही देऊ नये’ एवढंच लिहिलं, तर गिऱ्हाईक ती माझ्याकडे कापायला तरी कशी आणणार? ‘स्वतःच्या कामासाठी कटिंगवाल्याला देता येईल, त्याने ती ठेवून घ्यायची नाही’ असं लिहा. कापलेल्या पाट्या विकायची मुभा आहे का, तेही वेगळं नमूद करा.