माहितीपटाला दीड लाख, बदल्यात नाव आणि एक खेळ: द्यावेत का?

भांडीबाजार_पेढी
काल तीन मुलं दुकानात पत्र ठेवून गेली. जुन्या नाशकातल्या तांबट कारागिरांवर ४० मिनिटांचा माहितीपट करतायत. मागणी दीड लाखाची. बदल्यात 'श्रेयनामावलीत ठळक स्थान' आणि 'चित्रपट पूर्ण होताच नाशिकमध्ये विशेष खेळ'. एवढ्या पैशात मी दिवाळीला पेपरात जाहिराती देईन, गिऱ्हाईक तरी येईल. ही सरळ वर्गणी आहे, फक्त लेटरहेडवर मागितलेली. माझं मत, कुणीच देऊ नये. असल्या पत्रांची सवय लागते.

संकलन_टेबल
'कुणीच देऊ नये' हे वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं माहितीपटांच्या निर्मितीत काम करतोय. अशी पत्रं लिहिली आहेत आणि नाकारलेलीही पाहिली आहेत. पत्र कच्चं आहे हे मान्य. पण ते वर्गणीसारखं वाटतं याचं कारण मागणी नाही. समोरच्याला नेमकं काय मिळणार, हेच त्यात लिहिलेलं नाही.

'ठळक स्थान' म्हणजे काय? सुरुवातीला पूर्ण पडद्यावर एकट्याचं नाव, की शेवटी वर सरकणाऱ्या यादीत इतरांबरोबर? किती सेकंद? बोधचिन्हासकट की नुसतं नाव? महोत्सवाला जाणाऱ्या प्रतीत, नेटवर टाकायच्या प्रतीत आणि ट्रेलरमध्ये, तिन्हीकडे की एकाच ठिकाणी? हे आज कागदावर आलं नाही तर संकलनाच्या शेवटच्या आठवड्यात भांडण ठरलेलं. त्यात एकदा सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेतलं की नंतरचा फेरफार मंडळाला कळवावा लागतो. म्हणून नावाची ओळ आधीच पक्की हवी.

दुसरं, खेळ. 'पूर्ण होताच नाशिकमध्ये' असं पत्र म्हणतं. हीच मुलं महोत्सवांनाही पाठवणार असतील, तर काही महोत्सवांची अट असते की आधी जाहीर खेळ झालेला नको. म्हणजे तुमचा खेळ तरी पुढे ढकलला जाईल, नाहीतर त्यांचा एखादा महोत्सव हुकेल. प्रामाणिक पत्रात तारीख अशी असते: 'महोत्सवाची निवड कळल्यावर, पण चित्रपट पूर्ण झाल्यापासून जास्तीत जास्त आठ महिन्यांत.'

तिसरं, पैसे. एकूण अंदाजपत्रक किती, त्यातले हातात किती, आणि तुमचे दीड लाख कशावर जाणार? समजा सहा लाखांचं काम आहे आणि दोन जमलेत. मग तुमच्यानंतरही अडीच कमी पडतात. ते आले नाहीत तर तुमच्या पैशाचं काय, हा प्रश्न विचाराच. हप्ते मागा. करारावर पन्नास हजार, चित्रीकरण संपून कच्चा जोड दाखवल्यावर पन्नास, खेळाच्या दिवशी उरलेले. ज्यांना खरंच चित्रपट करायचाय ते याला नाही म्हणत नाहीत.

सातपूरकर
एवढा खल कशाला? सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या खर्चात टाका. ऐंशी-जीची पावती घ्या. दुकानाचं नावही येतं आणि करही वाचतो. आमच्या इंडस्ट्रीत सगळे असंच करतात.

संकलन_टेबल
कंपन्या सीएसआरमधून कला-वारशाला पैसे देतात, हे बरोबर. पण सीएसआरची सक्ती मोठ्या कंपन्यांना असते. पाच कोटी निव्वळ नफा, हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटी नेट वर्थ, यांपैकी एक तरी लागतं. भांडी बाजारातली भागीदारी पेढी त्यात बसत नाही. ज्यांना बसतं त्यांनाही आपल्या मालाची जाहिरात साधणारं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, नियमातच तसं म्हटलंय. ऐंशी-जीची पावती नोंदणीकृत संस्था देते, तीन मुलं देऊ शकत नाहीत. पत्रात 'नावही देऊ, देणगीची सवलतही मिळेल' असं असेल तर सही करू नका.

उलट एक खर्च पत्रात नाही. पेढी भागीदारीची असेल आणि मुलांची कंपनी नसेल, तर प्रायोजकत्वावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. दीड लाखावर सत्तावीस हजार. पुढे त्या कराचं क्रेडिट बहुधा मिळेल, पण सीएला आधी विचारा.

भांडीबाजार_पेढी
म्हणजे दीडाचे पावणेदोन लाखांच्या वर गेले. तुम्ही त्यांची बाजू घेताय की माझी?

गोदाकाठचा_मोहन
फाळके त्र्यंबकेश्वरचे. पहिल्या चित्रपटासाठी बायकोचे दागिने गहाण पडले. त्याच जिल्ह्यात दीड लाखासाठी एवढी घासाघीस? लाज वाटते.

भांडीबाजार_पेढी
दागिने फाळक्यांनी स्वतःच्या घरचे ठेवले. माझ्या घरचे मागितले नव्हते.

संकलन_टेबल
फाळक्यांचं नाव निघालंच आहे तर कामाची गोष्ट सांगतो. भांडवल मागण्याआधी त्यांनी एका रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून मिनिटभराची फिल्म केली आणि ती दाखवून पैसे उभे केले. १९१२ची गोष्ट. या मुलांनी पत्राबरोबर दोन-तीन मिनिटांचा नमुना दिलाय का? एका कारागिराची भट्टी, ठोक्याचा आवाज, चार वाक्यं. तो नसेल तर आधी तो मागा. लेटरहेडपेक्षा त्यातून जास्त कळेल.

तांबट_घरातला
तुम्ही सगळे नावाचं आणि खेळाचं बोलताय. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांचं या पत्रात काय आहे? आमच्या घरी अशीच एक टीम आली होती. वडिलांना भट्टी परत परत पेटवायला लावली, 'धूर नीट आला नाही' म्हणून. पत्रा तापवून पाण्यात घालायचा, खरवईवर ठोकायचा, पुन्हा तापवायचा, हे त्यांच्या कॅमेऱ्यासाठी दिवसभर चाललं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. फिल्म आम्हाला आजपर्यंत कुणी दाखवलेली नाही. मुंबईत कुठेतरी दाखवली म्हणे.

भांडीबाजार_पेढी
याला माझं काय उत्तर? मी कारागिरांना वेळेवर मजुरी देतो.

तांबट_घरातला
किलोवर देता ना? मग सांगतो, भांडणाचं मूळ तिथेच आहे. हाताने घडवलेला हंडा आणि मशिनवर फिरवून काढलेला हंडा वजनाला सारखा भरतो, पण हाताच्याला वेळ कितीतरी पट जास्त लागतो. बाजारात दोन्ही एकाच रांगेत. मशिनच्या भांड्यावर वरून हातोडीचे ठोके देऊन थोडं मठारकाम केलं की गिऱ्हाईक 'हाताचं' म्हणून घेतं. अशा दुकानाचं नाव तांबटांवरच्या फिल्मच्या सुरुवातीला येणार असेल, तर फिल्ममध्ये हा विषय निघेल का?

भांडीबाजार_पेढी
जपून बोला. माझ्या दुकानात काय आहे ते न बघता आरोप करताय. गिऱ्हाईकाला हाताच्या हंड्याची किंमत सांगितली की तो स्टीलकडे वळतो. मशिनचा माल ठेवला नाही तर दुकानच बंद होईल, मग हाताचा माल घेणार कोण? तीन पिढ्या तांबटांच्या मालावर आणि तांबट आमच्या ऑर्डरीवर जगलेत. कल्हईवाले उरले नाहीत, पत्र्याचा भाव चढतो, सगळा दोष आमच्याच माथी.

तांबट_घरातला
ऑर्डर तुम्ही देता हे नाकारत नाही. पण लेबल लावा ना. 'हाताचं' आणि 'मशिनचं' अशी दोन खणं करायला दीड लाख लागत नाहीत.

सातपूरकर
लेबलने काही होत नाही. आमच्या वर्कशॉपच्या मालावर सगळं छापलेलं असतं, गिऱ्हाईक फक्त भाव विचारतो.

कॉलेजरोडची_वाचक
लेबलचा वेगळा धागा काढा. खेळाबद्दल मला बोलायचंय, कारण आमच्या गटाने असे कार्यक्रम केलेत. 'विशेष खेळ' लिहायला सोपं आहे. सभागृह कोण घेणार? कालिदास कलामंदिर नाटकाचं आहे, पडदा आणि प्रोजेक्टरची सोय आपणच बघायची. चाळीस मिनिटांच्या फिल्मला एवढं मोठं सभागृह भरणं कठीण. कुसुमाग्रज स्मारकासारखी जागा बरी. आणि सगळ्यांना खुला खेळ असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. आमच्या एका कार्यक्रमात ऐन वेळी ते नाही हे कळलं आणि खेळ रद्द झाला. निमंत्रणं गेली होती. लोक आयोजकांना बोलले, फिल्मवाले नामानिराळे. त्यामुळे पत्रात एक ओळ हवीच: प्रमाणपत्र, सभागृह, प्रोजेक्टर यांचा खर्च दीड लाखात धरलाय की त्याच्या वर.

संकलन_टेबल
याला पूर्ण दुजोरा. तांबट_घरातला यांचा प्रश्नही बाजूचा नाही, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो व्यापारी चित्रपटाच्या विषयातच आहे, त्याचे पैसे घेताना करारात दोन गोष्टी स्पष्ट लागतात. एक, संकलनावर प्रायोजकाचा अधिकार नाही. अंतिम जोड त्याला फक्त वस्तुस्थितीच्या चुका सांगण्यासाठी दाखवायचा, तोही ठरलेल्या मुदतीत. दोन, प्रायोजक कोण हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, लपवायचं नाही. म्हणून मी नाव सुरुवातीला न देता शेवटी, एकट्याचं, वाचता येईल इतका वेळ द्यायला सांगेन. कारागिरांचा बुडालेला रोज अंदाजपत्रकात स्वतंत्र धरायचा आणि पहिला खेळ त्यांच्या वस्तीत.

भांडीबाजार_पेढी
म्हणजे पैसे माझे, नाव शेवटी, आणि मशिनच्या मालावरून मलाच टोमणे. चांगला व्यवहार आहे.

संकलन_टेबल
हे मान्य नसेल तर देऊ नका, त्यात काही चूक नाही. मग पेपरात जाहिरात द्या, तिथे मजकूर तुमचा. माहितीपटात मजकूर तुमचा नसतो. पैसे घेणाऱ्यांनी हे आधी सांगितलं नाही तर ती फसवणूक, एवढंच म्हणतोय.

तांबट_घरातला
शेवटी का होईना, नाव कशाला हवंय तेच मला पटत नाही. आमचा विषय दाखवणाऱ्याने आमच्याच व्यापाऱ्याकडे हात का पसरावा?

कॉलेजरोडची_वाचक
मग दुसरं देणार कोण? हा विषय नाशकाबाहेर कुणाला आपला वाटेल?

तांबट_घरातला
ते मला माहीत नाही. पण पटत नाही.

भांडीबाजार_पेढी
नमुना मागवलाय. सभागृहाचा आणि सेन्सॉरचा खर्च कुठे धरलाय ते लिहून द्यायला सांगितलंय. दीड लाख देणार नाही, ते पक्कं. पंचाहत्तर हजार, तीन हप्त्यांत, त्यातले पंधरा थेट ज्या कारागिरांकडे चित्रीकरण होईल त्यांना. संकलनात लुडबुड करणार नाही, पण माझ्या दुकानाबद्दल बोलायचं असेल तर मलाही कॅमेऱ्यासमोर बोलू द्यायचं. मुलांना हे मंजूर नसेल तर विषय संपला.

तांबट_घरातला
पंधरा हजार चित्रीकरणाच्या आधी द्या. नंतरचं आम्ही बघितलंय.

भांडीबाजार_पेढी
आधी देतो. पावती मात्र कारागिराच्या सहीची हवी.