आयएसओ ९००१: स्टेज २ ऑडिटच्या आधी मॉक ऑडिट कसं घ्यावं?

शाफ्टवाली: आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे, शाफ्ट आणि बुश बनवतो. स्टेज १ झालं, स्टेज २ पुढच्या महिन्यात. क्लॉजप्रमाणे फाइली लावल्यात, प्रत्येकीत दोन-तीन रेकॉर्ड टाकलेत. आता मॉक ऑडिट घ्यायचंय पण नुसती चेकलिस्ट वाचून हो-नाही करत बसलो तर सगळं हो च येणार असं वाटतंय. तुम्ही लोक कसं घेता?

ड्रॉइंग_रेव्ह_सी: सगळ्यात आधी क्वालिटी मॅन्युअल बघा, ते नसेल तर मेजर एनसी ठरलेलीच. आणि ज्याचं डिपार्टमेंट त्यानेच ऑडिट करायचं नाही, परचेसवाल्याने प्रॉडक्शन बघायचं असं आलटून पालटून लावा.

गेज_रूम: दुसरी गोष्ट बरोबर, पहिली नाही. २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं नाही. ठेवलंय तर राहू द्या, पण मग त्यात लिहिलंय तसं काम होतंय का ते बघितलं जाईल.

ताई, फाइलींमध्ये तुम्ही निवडलेले चांगले कागद आहेत. ऑडिटर स्वतः सँपल निवडतो. म्हणून मॉकला फाइल बंद ठेवा, डिस्पॅच रजिस्टरमधून दोन-तीन महिन्यांपूर्वीचं कुठलंही एक चलान उचला आणि तिथून उलटं मागे जात रहा. चलानवरून फायनल इन्स्पेक्शन रिपोर्ट, त्यावरून ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, वापरलेलं गेज, मोजणारा माणूस, मटेरियलचा हीट नंबर, शेवटी ग्राहकाची पीओ. जिथे पुढचा कागद सापडत नाही किंवा तारखा जुळत नाहीत तिथे थांबा, ते तुमचं फाइंडिंग.

मी घेतलेल्या एका मॉकमधलं सांगतो. ३० एच६ चा शाफ्ट, म्हणजे २९.९८७ ते ३०.०००. रिपोर्टवर एका पीसचं रीडिंग २९.९९२, सही आहे, ओके. पण मायक्रोमीटरचा नंबर कॅलिब्रेशनच्या यादीत सापडेना. नेहमीचा पडून बिघडला होता म्हणून सेकंड शिफ्टने कपाटातला स्पेअर काढला आणि तो यादीत कधी चढलाच नव्हता. कॅलिब्रेशनला पाठवला तर ३० च्या आसपास ६ मायक्रॉन जास्त दाखवत होता. म्हणजे तो पीस खरा २९.९८६, लोअर लिमिटच्याही खाली! स्पेअरला स्टिकर लावून हे संपत नाही, त्या मायक्रोमीटरने आधी काय काय मोजून पाठवलंय ते शोधावं लागतं, ७.१.५ मध्ये हे स्पष्ट आहे. आम्ही त्या लॉटचे शिल्लक पीस दुसऱ्या कॅलिब्रेटेड मायक्रोमीटरने मोजले, त्यातही कमी निघाले, मग ग्राहकाला कळवलं.

शाफ्टवाली: बापरे, आमच्याकडे पण स्पेअर कपाटात आहेत. आणि चलानवरून मागे जायचं म्हटलं तर दोन नवीन ऑपरेटरचे ट्रेनिंग रेकॉर्ड पण नाहीयेत.

बी_शिफ्ट: मग भरून टाका ना मागच्या तारखा घालून, सगळीकडे असंच चालतं.

गेज_रूम: अजिबात करू नका. हजेरीत तो माणूस त्या दिवशी सुट्टीवर निघाला की साधी एनसी राहत नाही, तुमच्या सगळ्याच रेकॉर्डवरचा विश्वास जातो. त्यापेक्षा आज त्या दोघांना जॉब लावायला द्या, त्यांनी मोजलेलं तुम्ही परत मोजा, दोन्ही रीडिंग आजच्या तारखेने लिहून ठेवा. सोबत एनसी काढा आणि कारणही लिहा, नवीन माणूस मशीनवर जायच्या आधी क्वालिटीला कोणी कळवतच नाही वगैरे जे असेल ते. उशिरा पण खरं रेकॉर्ड चालतं.

वॉर्ड_४: आम्ही हॉस्पिटलवाले, आमच्याकडे एनएबीएच आहे, फी किती घेतात ते सांगू का?

शाफ्टवाली: फीचं नाही हो, तयारीचं विचारतेय.

वॉर्ड_४: अच्छा सॉरी. मग आमच्याकडे पण तेच करतात, डिस्चार्ज झालेल्या एका पेशंटची फाइल उचलायची आणि औषधाच्या प्रत्येक डोसला वेळ आणि सही आहे का बघत मागे जायचं. रात्रपाळीतच जास्त गॅप सापडतात.

ड्रॉइंग_रेव्ह_सी: पण मॉकमध्ये एवढ्या एनसी काढून कागदावर ठेवल्या तर ऑडिटरच्या हातात आयतंच नाही का जाणार? मी तर मॉक वेगळं ठेवतो आणि इंटर्नल ऑडिटचा रिपोर्ट वेगळा, स्वच्छ.

गेज_रूम: एकही एनसी नसलेला इंटर्नल ऑडिट रिपोर्ट बघूनच ऑडिटर जास्त खोदतो. मी तरी मॉकलाच इंटर्नल ऑडिट म्हणून प्लॅनमध्ये धरतो आणि त्यातल्या एनसी मॅनेजमेंट रिव्ह्यूत घेतो.

ड्रॉइंग_रेव्ह_सी: मला नाही पटत. उघडी एनसी दिसली की प्रश्न वाढतातच.

शाफ्टवाली: यावर अजून कोणाचा अनुभव असेल तर लिहा. मी उद्या कपाटातले सगळे स्पेअर बाहेर काढून यादीशी जुळवते, आणि चलान निवडायला स्टोअरच्या माणसाला सांगणार आहे, मी नाही निवडणार. सेकंड शिफ्टला आधी सांगावं का न सांगता जावं?

वॉर्ड_४: तारीख सांगा, चलान कुठलं ते सांगू नका.