मदत हवी आहे: मोहितो कडू होतोय, चूक पुदिन्याची की लिंबाची?

गच्चीवाला_पुणे:
मागच्या शनिवारी गच्चीवर आठ जणांसाठी मोहितो केला. एक मोठी जुडी पुदिना दुपारी चारलाच खलबत्त्यात ठेचून ठेवला, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. दहा-बारा कागदी लिंबं चार-चार फोडी करून तीही त्याच खलबत्त्यात कुटली. पिठीसाखर, दीड बाटली ओल्ड मंक, वरून सोडा. आठ वाजता पहिला ग्लास मेहुण्याने तोंडाला लावला आणि म्हणाला, "भावजी, कडुलिंबाचा काढा आहे का हा?" साखर वाढवली तर गोड काढा झाला. पुढच्या शनिवारी तीच मंडळी परत येणार आहेत. नेमकं काय चुकलं? आणि साखर, रम कोणती घ्यावी?

मंजिरी_त:
लिंबामुळेच. पुदिना कधी कडू होत नाही, चटणीत आपण तो वाटतोच की. लिंबाचं साल काढून टाका, प्रश्न मिटला.

दर्यावर्दी:
मंजिरीताई, अर्धं बरोबर आहे. पण चटणीत मिरची, मीठ, आलं असतं, त्याखाली पुदिन्याचा तुरटपणा दडून जातो. सोड्यात दडायला काहीच नसतं.

मी चौदा वर्षं प्रवासी जहाजांवर बारमागे उभा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुदिन्याचा वास पानाच्या आत नसतो, तो पानावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो. पान बोटात धरून नुसतं चुरगळलं तरी हाताला वास लागतो, तो त्यामुळेच. त्या ग्रंथी फुटायला हलका दाब पुरतो. त्यापुढे ठेचलं की पानाचा गर फुटतो, हिरवा रस बाहेर येतो आणि गवत चावल्यासारखी चव लागते. तुम्ही तर ठेचून चार तास ठेवला. तोपर्यंत तो काळपट पडला असणार. पडला होता ना?

लिंबाचं दुखणं वेगळं. सालाच्या आतला पांढरा भाग कडू, आणि आपल्या कागदी लिंबात बिया भरपूर. बी खलबत्त्यात फुटली की तिचा कडवटपणा रसात उतरतो.

गच्चीवाला_पुणे:
काळा पडला होता! मला वाटलं खलबत्ता नीट धुतला नव्हता. पण मग ब्राझीलवाले त्यांच्या त्या काइपिरिन्यात लिंबाच्या फोडीच ठेचतात, त्याचं काय?

दर्यावर्दी:
त्यांचं लिंबू बहुधा ताहिती जातीचं, मोठं आणि बिनबियांचं. मधला पांढरा देठासारखा भाग आधी काढून टाकतात, आणि ग्लास लगेच पितात. फोडी चार तास भिजत पडलेल्या नसतात.

शंका असेल तर रम न घालता तीन ग्लास करून बघा. एकात पानं ठेचलेली आणि नुसता लिंबाचा रस. दुसऱ्यात पानं दाबलेली, पण लिंबाच्या फोडी बियांसकट कुटलेल्या. तिसऱ्यात पानं दाबलेली आणि गाळलेला रस. केल्याबरोबर एकदा चाखा, वीस मिनिटांनी परत चाखा.

सावंतवाडीची_सून:
आमच्याकडे काजूची फेणी आणि लिमका घेतात, वर हिरवी मिरची चिरून. त्यात पुदिना घातला तर मोहितो होईल का? कडू अजिबात होत नाही.

दर्यावर्दी:
वहिनी, फेणीपुढे पुदिना बिचारा दिसणारच नाही. आहे तसंच घ्या, छान आहे ते.

आकडेमोड:
मी साखर कणीदारच टाकतो, पानांबरोबर. घर्षणाने तेल जास्त निघतं असं एका बारवाल्याने सांगितलं होतं.

दर्यावर्दी:
निघतं, पण बाजारातली साखर जाड दाण्याची असली तर दाबताना तीच पान फाडते. शिवाय गार रसात जाड दाणा विरघळत नाही, तळाशी बसतो. मग पहिला घोट आंबट आणि शेवटचा पाक. बारीक साखर मिळाली तर खुशाल वापरा, नाहीतर एक वाटी साखर, एक वाटी पाणी गरम करून साखर विरघळली की उतरवा आणि पूर्ण गार करा. उकळत बसू नका, तार आणायची नाहीये.

विकतच्या पिठीसाखरेत बरेचदा मक्याचं पीठ असतं, पेय गढूळ होतं. गूळ मात्र नको. त्याची खारट छटा पुदिन्याला दाबते. क्युबातही साधी पांढरी उसाचीच साखर घालतात आणि आपली साखरही उसाचीच, त्यामुळे महागडी तपकिरी साखर आणायचं कारण नाही.

गच्चीवाला_पुणे:
तीन ग्लास केले. पहिला केल्याबरोबरच गवती लागला. दुसरा सुरुवातीला उलट जास्त सुवासिक होता, मला तोच आवडला! पण वीस मिनिटांनी जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागायला लागला आणि पाणी प्यालो तरी गेला नाही. तिसरा शेवटपर्यंत स्वच्छ, फक्त थोडा सपाट.

दर्यावर्दी:
म्हणजे तुमच्या मोहितोत दोन्ही कडूपणे होते. दुसऱ्या ग्लासातला सुवास सालाच्या तेलाचा. तो हवा असेल तर सालाची वरची हिरवी पट्टी पातळ सोलून ग्लासवर पिळा आणि आत टाका. पांढरा भाग येऊ देऊ नका.

मंजिरी_त:
पण मग कडू बी होती की पांढरा भाग? दुसऱ्या ग्लासात दोन्ही होतं, त्यामुळे हे सिद्ध झालंच नाही.

दर्यावर्दी:
खरं आहे. माझा संशय बियांवर, पण बिया काढून तोच ग्लास परत केल्याशिवाय सांगता यायचं नाही.

गच्चीवाला_पुणे:
आणि रम? मेहुणा ओल्ड मंकशिवाय हात लावत नाही.

दर्यावर्दी:
ओल्ड मंकने कडू झालं नाही, तिला दोष देऊ नका. पण तिच्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव इतकी पुढे असते की पुदिना मागे राहतो, आणि रंग चहासारखा. मोहितोला पांढरी रम. पांढरी म्हणजे कच्ची असं नाही. काही रम लाकडी पिंपात मुरवून मग कोळशातून गाळतात, तेव्हा रंग जातो. बकार्डीची साधी पांढरी पुरे. हे घराणं मूळचं क्युबातलंच, सांतियागोला १८६२ साली सुरू झालेलं. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणून हात आखडता ठेवा.

एका ग्लासाला: पुदिन्याची आठ-दहा पानं, देठ काढून. वीस मिली पाक, वीस मिली रस (कागदी लिंबं लहान असली तर दीड-दोन लागतील). लाटण्याच्या टोकाने चार-पाच वेळा दाबा, फिरवू नका. पान अख्खं राहिलं पाहिजे, फक्त गडद दिसायला लागलं की थांबा. मग पंचेचाळीस मिली रम, बर्फ, वर सोडा. टॉनिक वॉटर आणू नका, त्यात क्विनीन असतं, तेही कडूच.

आठ जणांसाठी पाक आदल्या दिवशी करा, रस संध्याकाळी काढून गाळा. पुदिना मात्र पाहुणे आल्यावरच.

आकडेमोड:
गच्चीवाले, सोडा कुठला होता तुमचा?

गच्चीवाला_पुणे:
आत्ता रिकाम्या बाटल्या बघून आलो. सहापैकी दोन टॉनिक वॉटरच्या आहेत. मेहुण्याने आणल्या होत्या.