काना आणि तिच्या भगिनी: शेवट कोणाचा बदलतो?

«अरबीत ‘होता’ या अर्थाचे काना हे क्रियापद आल्यावर पुढचे नाम -अन् ने संपते असे शिकलो, मग ‘घरात एक माणूस होता’ या अर्थाच्या ‘काना फिल्-बैति रजुलुन’ मध्ये रजुलन का नाही?»

कारण काना तिच्या लगेच पुढे येणाऱ्या शब्दावर नव्हे, तर वाक्यातील विधेयावर परिणाम करते. ‘अल्-जव्वु बारिदुन’ (हवा थंड आहे) या नामवाक्यात दोन्ही पदे प्रथमेत आहेत. काना आली की उद्देश्य, म्हणजे तिचे इस्म, प्रथमेतच राहते आणि विधेय, म्हणजे खबर, द्वितीयेत जाते: ‘काना-ल्-जव्वु बारिदन’. अस्बहा (झाला), ज़ल्ला (राहिला) आणि लैसा (नाही) या तिच्या भगिनी क्रियापदांचेही तसेच आहे.

तुमच्या वाक्यात फिल्-बैति, म्हणजे ‘घरात’, हा शब्दयोगी अव्ययाचा गट खबरेच्या जागी असून तो पुढे आला आहे. बैति हे ‘फी’मुळे षष्ठीतच राहते आणि संपूर्ण गट केवळ स्थानाने द्वितीयेत मानला जातो, म्हणून बदल कुठेच ऐकू येत नाही, रजुलुन हे मागे पडलेले इस्म आहे. चांगले लिहिणारेही येथे रजुलन लिहून बसतात, म्हणून आधी काना काढून मूळ वाक्य जुळवून पाहावे.

स्वरचिन्हे नसलेल्या मजकुरात हा फरक पुल्लिंगी नियमित अनेकवचनात स्पष्ट दिसतो, कारण तेथे अक्षरच बदलते: ‘काना-ल्-मुहन्दिसूना मश्ग़ूलीना’ (अभियंते कामात होते) यात पहिल्या नामात ‘वाव’ हे अक्षर टिकते आणि दुसऱ्यात त्याच्या जागी ‘या’ हे अक्षर येते. लैसाच्या खबरेला मात्र ‘बि’ लागल्यास ती उच्चारात षष्ठीत जाते: ‘लैसा-ल्-जव्वु बि-बारिदिन’.