प्रतिसाद : सातच्या पटींची बेरीज, n एकाने कमी धरला जातोय

"१०० आणि ३०० च्या दरम्यान ७ ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज मला ५३८६.५ येतेय. सूत्र बरोबर आहे, मग कुठं चुकलं?"

पूर्ण संख्यांच्या बेरजेत अर्धा कधीच उरत नाही, म्हणजे n चुकलाय. पहिली पट १०५, शेवटची २९४. तुम्ही (२९४ − १०५) ÷ ७ = २७ काढलं आणि तिथंच थांबलात. हे २७ म्हणजे मधली अंतरं आहेत, पदं नव्हेत.

आमच्या परभणीकडं शेताला तारेचं कुंपण करताना हेच होतं. १८९ फूट बांधावर सात-सात फुटांवर खांब रोवायचे तर गाळे २७ पडतात, पण खांब २८ लागतात. सुरुवातीचा खांब विसरला की एक कमी पडतोच.

तर n = २८.

Sn = n/2 × (t1 + tn)

म्हणजे १४ × ३९९ = ५५८६.

दर वेळी अर्धा दिसेलच असं नाही बरं का. पहिल्या आणि शेवटच्या पदांची बेरीज सम असली, की चुकीचं उत्तरही पूर्णांकातच येतं. म्हणून मी n असा पडताळतो: १०५ ही सातची १५ वी पट, २९४ ही ४२ वी. १५ ते ४२ मोजले की २८.